आईची वही, पेन्शनची तारीख आणि पिनच्या वरची ओळ

आजचा भाग ज्यांच्या घरी पैशाचं सगळं एकच माणूस बघायचा आणि आता तो माणूस नाही, त्यांच्यासाठी. गेल्या काही भागांवर बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, "आईला जीपे शिकवायचंय, कुठून सुरुवात करू?" माझं उत्तर आहे, जीपेपासून करू नका. का ते सांगते.

आम्ही भोसरीचे. पप्पा चाकण एमआयडीसीत एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत मशीन ऑपरेटर होते. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, कंपनीची बस, दिवाळीला बोनस. आपल्या पट्ट्यात हे दर दुसऱ्या घराचं वर्णन आहे. पगार पप्पांच्या खात्यात यायचा. लाईट बिल, मनपाचा टॅक्स, गॅस, एलआयसी, सगळं पप्पाच बघायचे. आईच्या हातात महिन्याला घरखर्चाची रोख रक्कम यायची आणि त्या रकमेचा हिशोब ती इतका चोख ठेवायची की बोलायची सोय नाही. फक्त बँकेत ती कधी एकटी गेली नव्हती. पप्पा रिटायर झाले आणि दोन वर्षांनी गेले. आई तेव्हा छप्पन्न वर्षांची होती, शिक्षण सातवी. मी हिंजवडीला नोकरी करते आणि तिकडेच राहते, शनिवार-रविवारी भोसरीला येते.

म्हणजे आईला पैसे कळत नव्हते असं नाही. तिला कळत नव्हतं ते हे, की पैसा कुठून येतो, कोणत्या तारखेला येतो आणि तिला न विचारता कोण कोण तो कापून घेऊ शकतं. हा फरक महत्त्वाचा आहे. कारण फसवणुकीचा फोन नेमका याच जागी बोट ठेवतो. "तुमची पेन्शन आज रात्री बंद होणार", "तुमची लाईट साडेनऊला कट होणार". ज्याला स्वतःची तारीख माहीत नाही, त्याला हे खरं वाटू शकतं.

म्हणून आम्ही मोबाईल बाजूला ठेवला आणि आधी पासबुक घेतलं. त्यासोबत शंभर पानी वही.

पहिली गोष्ट पेन्शन. आईला मिळते ती ईपीएस-९५ ची विधवा पेन्शन. पप्पांना महिन्याला ३,१४० रुपये मिळायचे, ते गेल्यावर त्याच्या निम्मे, १,५७० आईला सुरू झाले. ऐकणाऱ्यांपैकी काहींना वाटेल, एवढेच? हो, एवढेच. कारण तुमच्या पीएफमध्ये कंपनी जे १२ टक्के भरते, त्यातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, पण ते जास्तीत जास्त १५,००० रुपये पगार धरून. म्हणजे तुमचा पगार लाखभर असला तरी पेन्शन फंडात महिन्याला साधारण १,२५० रुपयेच पडतात. ऑगस्ट २०१४ पर्यंत तर ही मर्यादा ६,५०० होती. पप्पांची बरीचशी नोकरी त्या काळातली. तुमचं पीएफचं पासबुक उघडा, पेन्शनचा वेगळा कॉलम दिसेल. हे विषयांतर झालं, पण करून बघा.

तर १,५७०. आईने वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहिल्या, तिच्या अक्षरात. पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनचा स्वतःचा बारा आकडी नंबर. रक्कम. आणि तारीख.

तारखेत एक गंमत आहे. पीएफ ऑफिसच्या नियमाप्रमाणे पेन्शन महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत खात्यात पडायला हवी. फक्त मार्चची पेन्शन एप्रिल उजाडल्यावर पडते. हे आईच्या वहीत लाल पेनाने आहे: "मार्चची एप्रिलमध्ये. घाबरायचं नाही." पहिल्या वर्षी ३१ मार्चला शेजारच्या काकू आल्या होत्या, "माझी पेन्शन आली नाही, तुझी आली का?" आईने वही दाखवली. काकू त्या दिवशी ज्या मनःस्थितीत होत्या, त्यात "मी पीएफ ऑफिसातून बोलतोय" असा फोन आला असता, तर त्यांनी काय काय सांगून टाकलं असतं याचा विचार करा.

दुसरी तारीख हयातीच्या दाखल्याची. इथे लोकांचा सगळ्यात मोठा गोंधळ आहे. सरकारी पेन्शनवाल्यांचा दाखला नोव्हेंबरात असतो, आणि ते इतकं रुळलंय की सगळ्यांना वाटतं सगळ्यांचाच नोव्हेंबरात. ईपीएस-९५ वाल्यांचं तसं नाही. तुम्ही ज्या दिवशी दाखला दिला, तिथून एक वर्ष तो चालतो. आईने पहिला दिला १९ जूनला, म्हणजे पुढचा १९ जूनच्या आत. चुकला तर पेन्शन थांबते. दाखला दिल्यावर थांबलेले पैसे मिळतात, पण तोवर हात आखडता घ्यावा लागतो.

दाखला घरी बसून देता येतो. अँड्रॉइड फोनवर दोन ॲप लागतात, AadhaarFaceRD आणि Jeevan Pramaan. आधी ज्याच्या फोनवरून करताय त्याची नोंद, मग पेन्शनरचा आधार नंबर, पीपीओ नंबर, बँक खातं, आणि शेवटी चेहरा स्कॅन. उजेड समोरून हवा आणि डोळ्यांची उघडझाप करावी लागते. आई पहिल्यांदा फोटो काढायला बसल्यासारखी ताठ बसली, पापणी हलेना. तिसऱ्या खेपेला झालं. झाल्यावर प्रमाण आयडी येतो, तो वहीत. जमलं नाही तर बँकेत, पोस्टात किंवा आपल्या भागातल्या सेतू-सीएससी केंद्रावर बोटाच्या ठशाने होतं.

आता हे सगळं लिहून काय साधलं, ते सांगते. गेल्या नोव्हेंबरात दुपारी आईला फोन आला. हिंदीत, अगदी साहेबी आवाज. "पेन्शन विभागातून बोलतोय. तुमचा लाइफ सर्टिफिकेट आलेला नाही. आज अपडेट केलं नाही तर या महिन्यापासून पेन्शन बंद. मोबाईलवर एक नंबर येईल, तो सांगा." त्याला आईचं नाव माहीत होतं, पप्पांचं नावही माहीत होतं. आईने "थांबा" म्हणून वही काढली आणि सांगितलं, "माझा जूनमध्ये असतो. दिलाय. माझी पेन्शन किती आहे ते तुम्ही सांगा बघू." तिकडून जरा आवाज चढला, मग फोन कट.

मी आईला "ओटीपी कोणाला सांगू नको" हे शंभरदा सांगितलं होतं. पण ती म्हणाली, "मला ते आठवलंच नाही गं. मला फक्त एवढं कळलं की हा माणूस चुकीचा महिना सांगतोय." म्हणून मी म्हणते, इशाऱ्यांचे व्हॉट्सॲप फॉरवर्ड पाठवण्यापेक्षा तारखा पाठ करून घ्या. समोरचा घाईत बोलत असताना सूचना आठवत नाहीत, स्वतःच्या वहीतला आकडा आठवतो.

आता महिन्याचा हिशोब कसा करतो ते. महिन्याचा पहिला रविवार, चहा झाला की. शनिवारी पासबुक छापून आणायचं काम आईचं. पासबुकातले दोन कॉलम तिला घरखर्चाच्या भाषेत सांगितले: जमा आणि नावे. बँकेचा एसएमएस मात्र इंग्रजीत येतो, तिथे `credited` म्हणजे आले आणि `debited` म्हणजे गेले, हे दोन शब्द वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले. सुरुवातीला ती शब्द ओळखायची चित्रासारखे, c वरून आणि d वरून. चालतं की.

मग ती स्वतः अंदाज काढते आणि पासबुकशी ताडते. आधी वही, मग पासबुक, या क्रमानेच. उलट केलं तर नुसतं उतरवून काढणं होतं. मे महिन्याचं उदाहरण घ्या. एप्रिलअखेर शिल्लक १८,२४०. वरच्या खोलीचं भाडं आलं ५,०००. खर्चाच्या खात्यात पाठवले ६,०००, त्याबद्दल पुढे सांगते. पेन्शन आली १,५७०. आईने गणित मांडलं, १८,८१० यायला हवेत. पासबुकात होते १८,७९०.

वीस रुपये कमी. मी असते तर सोडून दिले असते, खरं सांगते. आई म्हणाली, "वीस रुपये कोणी घेतले?" एक एक ओळ बोट ठेवून वाचली. महिन्याच्या शेवटी एक ओळ होती, PMSBY, २०. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. खातं उघडताना फॉर्मवर सही झाली होती, आणि दरवर्षी मेअखेर त्याचा हप्ता आपोआप कापला जातो. अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचा विमा. वाईट सौदा नाही, ठेवला. पण या विम्याची माहितीच घरात कोणाला नसती, तर तो असून नसल्यासारखाच, कारण दावा कोण करणार? वहीत नवीन पान झालं: "आपोआप कापले जाणारे". त्यात नंतर बँकेचा एसएमएसचा तिमाही चार्जही आला.

तुमच्या आईवडिलांच्या पासबुकात अशीच ४३६ रुपयांची ओळ दिसली तर ती जीवनज्योती विम्याची. तिचं संरक्षण ५५ वर्षांपर्यंतच असतं, हेही बघून घ्या.

लाईट बिलाचं थोडं वेगळं झालं. महावितरणच्या बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो, आणि मीटरचं मागचं रीडिंग, चालू रीडिंग. दोघांची वजाबाकी म्हणजे युनिट. आईला मीटर दाखवलं, आकडा कसा वाचायचा ते सांगितलं. आता बिल आलं की ती जिन्याखाली जाऊन मीटर बघून येते. मीटरचा आकडा बिलातल्या चालू रीडिंगच्या थोडा पुढे असायला हवा, कारण मधे काही दिवस गेलेत. मीटरचा आकडा बिलापेक्षा मागे दिसला, तर रीडिंग चुकलंय किंवा अंदाजे टाकलंय, आणि तक्रार करायची.

भरताना नियम एकच. लिंकवरून कधीच नाही. आपणच ॲप उघडायचं, वीजबिलात जायचं, महावितरण निवडायचं, ग्राहक क्रमांक एकदा टाकून ठेवलेला असतो. ॲप स्वतः नाव आणि रक्कम दाखवतं. कागदाच्या बिलावरची रक्कम आणि ही रक्कम एकच आहे ना, एवढं बघायचं. "लाईट कट होणार, या अधिकाऱ्याला फोन करा" असा मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरवरून आला, तर तो महावितरणचा नाही. त्यांच्या मेसेजच्या डोक्यावर नंबर नसतो, अक्षरं असतात आणि त्यात MSEDCL असतं. शिवाय थकबाकीसाठी लाईट तोडायची तर आधी रीतसर नोटीस द्यावी लागते, संध्याकाळी मेसेज आणि रात्री कट असं नसतं.

पहिल्यांदा आईने ॲपवर बिल उघडलं तेव्हा स्क्रीनवर पप्पांचं नाव आलं. मीटर त्यांच्याच नावावर होतं. ती म्हणाली, "अजून ह्यांच्याच नावाने येतंय." मी म्हटलं, बदलून घेऊ, अर्ज करावा लागतो. ती म्हणाली, "राहू दे काही दिवस." राहू दिलं. कामाच्या यादीत आहे, घाई नाही.

आता यूपीआय. पासबुक आणि वहीचे चार महिने झाल्यावर आम्ही इथे आलो. आणि इथे मी इंजिनिअरसारखा विचार केला: आई चुकणारच नाही असं धरून चालायचं नाही. चूक झाली तर किती जाईल, ते आधी ठरवायचं.

म्हणून दोन खाती. पेन्शन, भाडं आणि पीएफच्या पैशाची एफडी एका बँकेत. ते खातं कोणत्याही यूपीआय ॲपला जोडलेलं नाही, त्याचं एटीएम कार्ड कपाटात. दुसऱ्या बँकेत एक छोटं खातं, तेच यूपीआयला जोडलेलं. दर महिन्याच्या ६ तारखेला मोठ्या खात्यातून छोट्यात ६,००० रुपये आपोआप जातात, बँकेत फॉर्म भरून तशी कायमची सूचना दिली. म्हणजे अगदी वाईटात वाईट झालं तरी छोट्या खात्यात जे आहे तेवढंच पणाला. बँका वेगळ्या ठेवण्याचं कारण असं, की यूपीआय ॲप मोबाईल नंबरवरून बँकेतली खाती शोधतं. एकाच बँकेत दोन्ही असली तर जोडताना दोन्ही दिसतात आणि चुकून मोठंही जोडलं जातं.

याला मर्यादा आहे, तीही सांगते. कोणी आईला फोनवर बोलत ठेवून मोठं खातंही जोडायला लावलं, कार्डाचे आकडे काढून घेतले, तर ही भिंत पडते. म्हणून कार्ड पर्समध्ये नाही. आणि कोणी स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगितलं, तर तिथेच फोन बंद.

पिनचं मात्र नीट समजून घ्या, कारण सगळे अर्धवट सांगतात. "पैसे घ्यायला पिन लागत नाही," हे बरोबर आहे. पण पिन फक्त पैसे देतानाच लागतो असं नाही, शिल्लक बघतानाही लागतो. त्यामुळे आईला नुसतं "पिन म्हणजे पैसे गेले" सांगितलं असतं, तर पहिल्यांदा शिल्लक बघताना ती गोंधळली असती आणि मग तो नियमच खोटा वाटला असता. आम्ही नियम असा केला: पिनचे आकडे दाबायच्या आधी वरची ओळ मोठ्याने वाचायची. तिथे कोणाला आणि किती हे लिहिलेलं असतं. रक्कम दिसतेय म्हणजे पैसे जाणार. समोरचा म्हणतोय "तुम्हाला पैसे पाठवतोय" आणि वर रक्कम दिसतेय, तर तो खोटं बोलतोय. ओळखीच्या-अनोळखी माणसाने पैसे मागायची जी रिक्वेस्ट यायची, ती ऑक्टोबर २०२५ पासून एनपीसीआयने बंद केली. पण दुकानदारांच्या आणि दरमहा कापून घेण्याच्या परवानगीच्या रिक्वेस्ट अजून येतात, त्यामुळे ओळ वाचायची सवय हवीच.

मोठ्याने वाचण्याचा सराव भोसरीच्या मंडईत केला. पंधरा रुपयांची कोथिंबीर आणि मेथी, क्यूआर स्कॅन, आणि आई सगळ्या गर्दीत ठणकावून नाव वाचतेय. भाजीवाल्या मावशींच्या क्यूआरवर भलत्याच पुरुषाचं नाव. आई थांबली, "हे कोण?" मावशी म्हणाल्या, "माझा पोरगा हाय ओ." मग पिन. मला मागे उभं राहून हसू येत होतं, पण तिचं बरोबर होतं. आता ॲपवर बँकेत नोंदलेलं खरं नाव दिसतं, ते विचारून घेण्यात काही वावगं नाही.

सरावात मी एक पथ्य पाळलं. फोन तिच्या हातात, माझे हात मागे. "दे इकडे, मी करते" हे शब्द वापरायचे नाहीत. तिला लागायची चार मिनिटं, मला वीस सेकंद. चार मिनिटं थांबायचं. पिनही मला माहीत नाही, तिने तो माझ्याकडे पाठ करून टाकला.

शेवटचं पान, पैसे गेलेच तर. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला मोठ्या आकड्यांत १९३०. हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर. क्रम महत्त्वाचा आहे: आधी १९३०, मग बँक, मग मी. आईला हे पटत नव्हतं, "आधी तुला नको का सांगायला?" मी मीटिंगमध्ये असेन, फोन उचलणार नाही, आणि तेवढ्या वेळात पैसे तीन खात्यांतून पुढे गेलेले असतील. लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात ते गोठवता येण्याची शक्यता असते. फोनवर ते विचारतील: कोणत्या बँकेतून, किती, कधी, आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर. तो ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट दाबलं की दिसतो. आम्ही मेथीच्या पंधरा रुपयांचा यूटीआर शोधून वहीत उतरवला, सराव म्हणून. लेखी तक्रार cybercrime.gov.in वर करता येते, ते काम माझं. बँकेला कळवल्याची वेळही लिहून ठेवायची, कारण पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं धरलं जातं, कळवल्यानंतरचं बँकेचं.

बऱ्याच जणांनी यूपीआय सर्कलबद्दल विचारलंय, म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून आणि स्कॅन आई करणार, ते. चांगली सोय आहे, पण पैसे तुमचे असतील तेव्हा. माझ्या आईकडे तिचे पैसे आहेत, तिला माझी परवानगी कशाला? तुमच्या घरी गणित वेगळं असेल, तर लिहून कळवा, त्यावर वेगळा भाग करू.

तोपर्यंत या रविवारी पासबुक छापून आणा. भेटू.